आकडा उतरला, पण ती खोलीत आहे का?

मनावरच्या आघातानंतर राहणाऱ्या त्रासासाठी प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर हा उपचार असतो. त्यात आघाताची आठवण मोठ्याने सांगताना थेरपिस्ट दर पाच मिनिटांनी विचारतो, "आत्ता किती?" शून्य म्हणजे अजिबात त्रास नाही, १०० म्हणजे असह्य. आकडा उतरू लागला की बरं वाटतं. पण तो दोन कारणांनी उतरतो. एकात मन आठवणीजवळ थांबून शांत होतं, म्हणजे त्याला तिची सवय होते; दुसऱ्यात ते तिथून निघून जातं. या दुसऱ्याला डिसोसिएशन म्हणतात. नुसत्या आकड्यावरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून नवखा थेरपिस्ट इथेच फसतो.

सत्राचा आराखडा आधी थोडक्यात सांगते. सत्र साधारण ९० मिनिटांचं असतं, आठवड्यातून एक किंवा दोन, अशी ८ ते १५ सत्रं होतात. पहिल्या दोन सत्रांत उपचाराची समजूत, श्वासाचा सराव आणि टाळत आलेल्या, पण खरं तर सुरक्षित असलेल्या जागांची यादी होते. तिसऱ्या सत्रापासून डोळे मिटून, आत्ताच घडतंय अशा वर्तमानकाळात आठवण सांगायची असते. ती ३० ते ४५ मिनिटं पुन्हा पुन्हा सांगायची आणि मग १५-२० मिनिटं त्यातून काय उमगलं यावर बोलायचं. सांगणं ध्वनिमुद्रित होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं.

आता एक उदाहरण घेऊ, कल्पित पण रोजच्या अनुभवातलं. फोंड्याची एक बाई, वय ३४. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री बोरीच्या पुलावर ट्रकने तिच्या स्कूटरला धडक दिली आणि मागे बसलेला भाऊ गेला. तिसऱ्या सत्रात ती ट्रकच्या दिव्यांपर्यंत आली तेव्हा आकडा ८५ होता. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "१५." आवाज सपाट झाला होता. "स्कूटर घसरली, इसम जागीच मयत झाला," ती पंचनामा वाचावा तशी सांगत होती. भाऊ 'इसम' झाला होता. नजर भिंतीवर खिळलेली, आणि प्रश्नाचं उत्तर यायला फार वेळ लागत होता. ही सवय होणं नव्हे. सवय होताना आकडा एकदम कोसळत नाही, आणि तपशील गळण्याऐवजी वाढतात. तीच बाई सहाव्या सत्रात ८५, ८०, ७०, ६०, ४५ अशी उतरली. रडत होती, पण भावाने तिचा खांदा कसा धरला होता ते तिला पहिल्यांदा आठवलं.

रडणं, थरथरणं, घाम फुटणं म्हणजे डिसोसिएशन नव्हे, हे मला आवर्जून सांगायचं आहे. माणूस हुंदके देत असेल, पण आपण खोलीत आहोत हे त्याला ठाऊक असेल, तर उपचार चालू आहे. तेव्हा लगेच पाणी देणं किंवा दीर्घ श्वास घ्यायला लावणं म्हणजे टाळण्याला मदत करणं. श्वासाचा सराव एरवीच्या ताणासाठी असतो, आठवण सांगतानाच्या वेळेसाठी नाही.

मग तिसऱ्या सत्रात काय करायचं? प्रथम डोळे उघडायला सांगायचं. "ताई, माझ्याकडे बघा. आपण आत्ता कुठे आहोत?" उत्तर मिळालं की पुढे जायचं. इंद्रियांनी वर्तमानात आणायची नेहमीची युक्ती म्हणजे आवाज ऐकायला लावणं; पण जुलैत खिडकीवर पाऊस कोसळत असेल, तर तो आवाज तिला परत पुलावरच नेईल. म्हणून स्पर्श निवडावा. चिऱ्याचा खरखरीत तुकडा हातात दिला, तो कसा लागतोय ते सांगायला लावलं. मग आठवण डोळे उघडे ठेवून, भूतकाळात, छोट्या तुकड्यांत, मधेमधे थेरपिस्टचे प्रश्न घेत सांगायची. पकड टिकली की हळूहळू पुन्हा डोळे मिटून वर्तमानकाळात यायचं. सत्रच गुंडाळलं तर 'ही आठवण झेपतच नाही' हा तिचा समज पक्का होतो. आपण कुठे आहोत हे मात्र तिला सांगताच येत नसेल, तर ती पूर्ण भानावर येईपर्यंत आठवणीला हात लावायचा नाही.

डिसोसिएशन होतं म्हणून हा उपचार नाकारायचं सहसा कारण नसतं. पण ती परत येण्यास फार वेळ घेत असेल, घरी तास न् तास हरवत असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचा धोका असेल किंवा घरात अजून मारहाण चालू असेल, तर आधी सुरक्षिततेचं काम करावं.

डिसोसिएशन झालेल्या सत्राचं ध्वनिमुद्रण घरी ऐकायला देताना पहिले काही दिवस दिवसा, डोळे उघडे ठेवून, घरात कोणीतरी असताना ऐकायला सांगतात. आणि त्या दिवशी ती स्कूटरने आली असेल, तर जाण्यापूर्वी तिला तारीख, वार आणि घरचा रस्ता नीट सांगता येतोय का हे पाहावं. येत नसेल, तर घरच्यांना बोलवावं. स्कूटर तिथेच राहू दे.