एका हाताचा आवाज

"झेनच्या कोड्यांना उत्तरच नसतं ना? मग काहीही बोललं तरी चालतं?"

नाही. जपानी गुरू हाकुइन (१६८६–१७६९) यांचं 'एका हाताचा आवाज कोणता?' हे कोआन, म्हणजे ध्यानासाठी दिलेलं कोडं, घ्या. 'एका हाताची टाळी' असं त्यात विचारलेलं नाहीच. झेनच्या रिंझाई पंथाच्या मठातला शिष्य ध्यानात ते दिवसचे दिवस धरून बसतो, मग एकट्यानं गुरूंसमोर जातो. उत्तर बहुधा व्याख्या नसून कृती असते: तो मुकाट्यानं हात पुढे करतो. पण पाठ केलेला हात तिथे टिकत नाही. गुरू लगेच विचारतात, 'राख झाल्यावर तो कसा ऐकशील?' शिष्य तर्क जुळवू लागला, की घंटी वाजते आणि भेट संपते. 'आवाज' आणि 'ऐकणारा मी' यांतलं अंतर गळलंय का, हेच गुरू पाहत असतात.