रेझ्युमेत 'ड्राफ्टिंग' लिहिलंय, पण लिहिलं कुणी? (असोसिएट शोधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडून असोसिएट घेणाऱ्या चेंबर्सकडून आणि कंपन्यांच्या लीगल डिपार्टमेंटकडून एकच फोन परत परत येतो. "अहो, तुम्ही पाठवलेल्या मुलीची सनद तर अलीकडची आहे, आणि आम्हाला थेट आलेला एक रेझ्युमे बघा, पाच वर्षं, सगळं ड्राफ्टिंग केलेलं, तो तुम्ही का नाही पाठवला?" दरवेळी फोनवर वीस मिनिटं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवावं म्हणून हा कागद. तुम्ही वकील आहात, कायदा तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतो, आम्ही फक्त रेझ्युमे जास्त वाचतो.

जाहिरातीत बहुतेक तीन गोष्टी असतात, सनद, प्रॅक्टिस एरिया आणि ड्राफ्टिंगचा अनुभव. पहिली तपासायला सगळ्यात सोपी, म्हणून सगळे तिच्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवतात, आणि तिसरीवर, जिच्यासाठी खरं तर माणूस हवाय, तिच्यावर नुसती नजर फिरवतात.

सनदेचं थोडक्यात. नंबरच्या शेवटी साल असतं, त्यावरून नोंदणी कधीची ते कळतं, काम किती केलं ते कळत नाही. सनद 2020 ची पण मधली दोन वर्षं परीक्षांची तयारी चालली होती असे रेझ्युमे आम्ही ढिगाने बघतो, त्यात वाईट काही नाही पण ती पाच वर्षं नव्हेत. दुसरं, सनद मिळाली की दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावी लागते, म्हणून नवीन मुलांच्या बाबतीत आम्ही सनद नंबर आणि सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस दोन्ही मागतो. निकाल यायचाय असं कुणी सांगितलं तर तसंच तुम्हाला कळवतो, लपवत नाही.

कंपन्यांसाठी एक वेगळी गोष्ट. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून प्रॅक्टिस थांबवायची असते. त्यामुळं पूर्णवेळ इन-हाउस जागेच्या जाहिरातीत "सनद चालू असणं आवश्यक" ही अट आली की आम्ही तुम्हाला उलटा फोन करतो, कारण ज्याने नियम पाळून सनद सस्पेंड केलीय तो प्रामाणिक माणूस तुमच्या अटीत नापास होतो आणि ज्याने काहीच कळवलं नाही तो पास होतो. अशा ठिकाणी "सनद घेतलेली असावी, सध्या सस्पेंड असली तरी चालेल" एवढं लिहा.

आता मुद्द्यावर. आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो 'ड्राफ्टेड' हा शब्द वाचून माणूस निवडण्यात. त्या एका शब्दात चार वेगवेगळी कामं लपतात. एक, पक्षकाराची कागदपत्रं बघून कोऱ्या पानावर पहिला मसुदा करणं. दोन, ऑफिसातला जुना दावा उघडून नावं, तारखा, रकमा बदलणं. तीन, सीनियरने डिक्टेट केलेलं किंवा लाल पेनने सुधारलेलं टाइप करून घेणं. चार, इंडेक्स, लिस्ट ऑफ डेट्स, अॅनेक्श्चर लावणं. चारही कामं ऑफिसला लागतात, आणि चौथं नीट करणारा ज्युनियर मिळाला तर आम्ही त्याला हातचा सोडत नाही. पण तुम्हाला पहिल्या कामाचा माणूस हवाय आणि दुसऱ्याचा आला तर हे तुम्हाला तिसऱ्या महिन्यात कळतं, तोवर नोटीस पिरियड वगैरे सगळं होऊन गेलेलं असतं.

एक खरी केस सांगतो, नावं नाहीत. तीन वकिलांचं चेंबर, काम कमर्शियल दावे आणि आर्बिट्रेशन, मागणी तीन वर्षं आणि चांगलं ड्राफ्टिंग. त्यांच्यासमोर दोन रेझ्युमे होते. पहिला थेट आलेला, सनद 2019 ची, भरगच्च, एकाच ओळीत दावे, कैफियती, रिट, एसएलपी, आर्बिट्रेशन पिटिशन, अॅग्रीमेंट्स, ट्रेडमार्क रिप्लाय सगळं ड्राफ्ट केलेलं. दुसरा आम्ही पाठवलेला, सनद 2022 ची, जेमतेम एक पान. त्यात लिहिलेलं की जिल्हा न्यायालयात सीनियरकडे काम, कमर्शियल दाव्यांत सहा कैफियतींचा पहिला मसुदा, निशाणी 5 चे अर्ज आणि त्यावरचं म्हणणं, साक्षीदारांची सरतपासणीची प्रतिज्ञापत्रं, कलम 34 खालच्या एका अर्जात फक्त रिसर्च आणि तारखांची यादी.

चेंबरने पहिला बोलावला. आम्ही म्हणालो दुसरीला पण बोलवा, ते म्हणाले वर्षं कमी पडतायत.

आता पहिला रेझ्युमे आम्ही कसा वाचला ते बघा. एसएलपी सुप्रीम कोर्टात अॅडव्होकेट ऑन रेकॉर्डमार्फत दाखल होते. इथल्या ट्रायल कोर्टात बसणाऱ्या ज्युनियरचा तिच्याशी संबंध येतो तो बहुतेक मराठी कागदांची भाषांतरं आणि तारखांची यादी यातून, जे महत्त्वाचं काम आहे, पण एसएलपी ड्राफ्ट करणं नव्हे. मग जो एसएलपीपुढं 'ड्राफ्टेड' लिहितो त्याने बाकी सहा गोष्टींपुढं तोच शब्द कुठल्या अर्थाने लिहिला असेल? शिवाय कोर्ट कुठलं, प्रकार कुठला, किती, कशाचाच पत्ता नाही. उलट दुसरीने कलम 34 मध्ये आपण मसुदा केला नाही हे स्वतःच लिहिलं. जी माणसं आपण काय केलं नाही ते लिहितात त्यांच्या बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवायला हरकत नाही, हा आमचा अनुभव. आणि 'निशाणी 5 वरचं म्हणणं' हे शब्द जाहिरातीत बघून कुणी उचलत नाही, ते महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टात बसल्यावरच तोंडात येतात.

झालं असं की पहिल्याला दोन आठवड्यांत दोन इंटरव्ह्यू झाले, गप्पा मस्त, केस लॉ तोंडपाठ. मग आमच्या आग्रहावरून त्याला दोन साधे प्रश्न विचारले. कमर्शियल दाव्यात कैफियतीची मुदत नेहमीच्या दाव्यापेक्षा कशी वेगळी? आणि कैफियतीत एखादा परिच्छेद नाकारायचा तर काय लिहायचं? ज्याने हे काम स्वतः केलंय त्याला 120 दिवस हा आकडा झोपेत विचारला तरी येतो, कारण कमर्शियल दाव्यात समन्स मिळाल्यापासून 120 दिवस उलटले की कैफियत दाखल करायचा हक्कच जातो, नेहमीच्या दाव्यातल्या 90 दिवसांसारखी कोर्टाकडून सवलत मिळत नाही. दुसऱ्याचं उत्तर त्याहून बोलकं असतं. "परिच्छेद 4 मधील मजकूर खोटा असून कबूल नाही" हे वाक्य जुन्या फाइलमधून कुणीही उचलतं. कमर्शियल दाव्यात तेवढ्याने भागत नाही, का नाकारतोय त्याची कारणं द्यावी लागतात आणि आपली बाजू वेगळी असेल तर ती मांडावी लागते, त्याशिवाय शेवटी स्टेटमेंट ऑफ ट्रुथ. यातलं काहीच आलं नाही. ऑफिसात तो सीनियरचे ड्राफ्ट टाइप करून घ्यायचा आणि फायलिंग बघायचा, हे त्याने मग स्वतःच मोकळेपणाने सांगितलं. मुलगा खोटारडा नव्हता हो, त्याच्या ऑफिसात त्यालाच ड्राफ्टिंग म्हणत असत.

तोपर्यंत दुसरी मुलगी दुसरीकडे रुजू झाली होती.

प्रॅक्टिस एरियाचंही थोडंफार असंच. पाच वर्षांत सात एरिया लिहिले असतील तर आम्ही त्या माणसाला फोनवर एवढंच विचारतो की मागच्या महिन्यात बोर्डावर असलेल्या मॅटर सांगा, नावं नकोत, फक्त कोर्ट आणि प्रकार. दहापैकी सात चेक बाउन्सच्या निघाल्या तर एरिया तो, बाकी सगळी सजावट. त्यात कमीपणा नाही, कलम 138 ची नोटीस बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत, मग 15 दिवस वाट, मग महिन्याच्या आत तक्रार, ही शिस्त ज्याला लागली तो तारखा सांभाळतो. फक्त तो कमर्शियल दाव्याचा मसुदा करेल असं धरून चालू नका. क्रिमिनलवाल्यांच्या रेझ्युमेत एक खूण सापडते, आज जामिनाचं काम करतोय म्हणणारा फक्त 437 आणि 439 लिहितो, 480 आणि 483 चा उल्लेखच नाही, तर 1 जुलै 2024 नंतर त्याने नवे अर्ज किती केले हा प्रश्न पडतो. अर्थात कधी कधी रेझ्युमेच जुना असतो, अपडेट करायचा कंटाळा सगळ्यांनाच, म्हणून एवढ्यावरून आम्ही कुणाला काढत नाही, विचारतो.

नमुना मसुदा मागा असं बरेच जण सुचवतात. आम्ही मागतो पण जपून. पक्षकाराची नावं, रकमा, पत्ते न खोडता कुणी खरा दावा पाठवला तर तो आम्ही उघडत नाही आणि ते तुम्हाला कळवतो, कारण उद्या तुमच्या पक्षकाराचे कागदही तो असेच पाठवेल. नमुना नीट खोडून आला तरी त्यात सीनियरचा हात किती ते कळत नाही. म्हणून आम्ही 45 मिनिटांची टेस्ट घेतो, दीड पानाची हकीकत आणि चार कागद देतो, त्यातून तारखांची यादी, दाव्याचं कारण कधी व कुठं घडलं तो परिच्छेद, आणि मागणी एवढंच लिहून घेतो. पूर्ण दावा नको. हकीकतीत एक तारीख कागदाशी न जुळणारी मुद्दाम ठेवलेली असते, ती पकडून "पक्षकाराला विचारावं लागेल" असं बाजूला लिहिणारा उमेदवार आम्ही तुमच्याकडे सगळ्यात वर ठेवून पाठवतो. टेस्टमुळं तीन-चार दिवस जास्त लागतात, आणि चाळीस रेझ्युमे आले तरी तुमच्याकडे चारच पोचतात, यावर काहीजण नाराज होतात. चाळीसच्या चाळीस पाठवणं आम्हाला सोपं आहे, पण मग फी कशाची घ्यायची?

पुढची जागा सांगताना जाहिरातीत नुसतं 'ड्राफ्टिंग अनुभव' न लिहिता एवढं कळवा: कोणत्या कोर्टातलं, कोणत्या प्रकारचं, मराठीत की इंग्रजीत (मराठीत सुरेख कैफियत लिहिणारा इंग्रजी आर्बिट्रेशन पिटिशनमध्ये अडकू शकतो, आणि उलटंही), आणि पहिला मसुदा त्याने करायचाय की तुमचा मसुदा पुढं न्यायचाय. उमेदवारांकडून आम्ही मागच्या बारा महिन्यांतले तीन मसुदे लिहून घेतो, प्रकार, कोर्ट, पहिला मसुदा कुणाचा, सीनियरने काय बदललं. हे एक पान प्रत्येक रेझ्युमेला जोडलेलं असतं. ते आधी वाचा, रेझ्युमे नंतर. हकीकत तुमच्या कामातली हवी असेल तर एखादी जुनी निकाली फाइल नावं बदलून द्या, तिच्यावरून टेस्ट आम्ही बनवून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.