लोणा सिमेंटच्या वर का चढतो?

आमच्या आत्याच्या कसबा पेठेतल्या वाड्यात दिवाळी सरली की एक नवं काम मागे लागायचं. सोप्यातल्या भिंतीच्या पायथ्याशी रोज सकाळी तांबडी पूड पडलेली असायची. संध्याकाळपर्यंत पुन्हा तेवढीच. "अरे, भिंत पीठ गाळतेय," आत्या म्हणायची.

भिंत तशी पेठेतल्या कुठल्याही जुन्या वाड्यासारखी. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर भाजक्या विटा, मधे चुना. तीन पावसाळ्यांपूर्वी खालचे पोपडे निघाले म्हणून एका ठेकेदाराने कंबरेपर्यंत सिमेंटचा गिलावा करून दिला होता. तो पट्टा अजून नव्यासारखा दिसत होता. पूड पडत होती ती त्याच्या वरून. पट्ट्याच्या माथ्यापासून वीतभर उंचीपर्यंत विटा दोन बोटं आत खचलेल्या. बोट लावलं तर वीट रव्यासारखी सुटून हातावर यायची, आणि त्या रव्यात पांढरे, केसासारखे बारीक तंतू चमकायचे. हा लोणा.

सिमेंट मजबूत राहिलं म्हणून ठेकेदार खूश होता. खरं तर रोगाचं मूळ तिथेच होतं.

जुन्या वाड्यांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, कंदिलाच्या वातीत तेल चढतं तसं. सोबत मातीतले क्षार येतात. पेठांमधल्या जमिनीत ते भरपूर, कारण पिढ्यान् पिढ्या गोठे, मोऱ्या आणि शोषखड्डे तिथेच होते. पाणी किती उंच चढणार, हे भिंतीच्या अंगातून किती वाळतं यावर ठरतं. खालून जेवढं येतं तेवढं अंगातून उडून गेलं की ओल तिथेच थांबते.

चुन्याचा गिलावा आणि चुन्याच्या दर्जा, म्हणजे विटांच्या सांध्यांतली भरणी, सच्छिद्र असतात, त्यामुळे भिंत हात-दीड हात उंचीतच वाळून जाते. तिथे सिमेंटचा पट्टा मारला की वाळायची वाटच बंद होते. पाणी काही परत जमिनीत जात नाही, ते पट्ट्याच्या मागून वर सरकतं आणि जिथे पट्टा संपतो तिथे बाहेर पडतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि विटेच्या छिद्रांत त्यांचे स्फटिक वाढतात. सोडियम सल्फेटसारखा क्षार तर हवा दमट झाली की पाणी धरून तिपटीहून जास्त फुगतो आणि कोरडी झाली की पुन्हा आकसतो. पुण्यात पावसाळ्यानंतर हवा कोरडी पडू लागते, म्हणून पूड दिवाळीनंतर. त्यात सिमेंटच्या अंगातही अल्कली सल्फेट असतात, म्हणजे थोडं मीठ आपणच विकत आणून भिंतीत घालतो.

पट्ट्यावर बोटाने टकटक केलं तर मधेच डब्यासारखा पोकळ आवाज यायचा. तिथे छिन्नीने एक तुकडा काढला. सिमेंट सुटलं, पण एकटं नाही. विटेचा दर्शनी भाग, जवळजवळ करंगळीएवढा जाड, त्याला चिकटून आला. मागची वीट गारढोण ओली. जुनी वीट आजच्या विटेपेक्षा मऊ असते. सिमेंट कडक आणि हट्टी, उन्हापावसाने भिंत जराशी हलली तरी ते तिच्यासोबत वाकत नाही. दोघांत ताण आला की जो मऊ असतो तो तुटतो. चुना विटेहूनही मऊ असतो, त्यामुळे तुटायची पाळी त्याच्यावर येते. दर्जा पुन्हा भरता येतात. दोनशे वर्षांपूर्वीची वीट पुन्हा आणता येत नाही.

दगडी भिंतीचं दुखणं थोडं वेगळं. आपला काळा पाषाण पाणी फारसं पीत नाही, म्हणून अशा भिंतीला वाळायला सांधेच काय ते मोकळे असतात. भिंतीच्या दोन चेहऱ्यांमधे दगडगोटे आणि चुन्याची भरती असते. सांध्यांत सिमेंट भरलं की ते सुकताना आकसतं आणि दगडाच्या कडेला केसाएवढी फट सोडतं. पाऊस त्या फटीतून आत जातो आणि भरतीत अडकून बसतो. लाकडी तुळईचं टोक अशा भिंतीत रुतलेलं असेल तर आधी ते कुजतं, आणि बाहेरून वर्षानुवर्षं कळत नाही.

शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला आणि पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. म्हणजे पेशवाईतल्या गवंड्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता, त्याच्याकडे चुनाच होता. पण त्याची रीत पक्की होती. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो उकळल्यासारखा खदखदतो आणि विरतो. मग त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून बैलाच्या घाण्यात मळायचं. भिंतीत गेलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत पुन्हा चुनखडीचा दगड होतो. सुरखीमुळे तो ओलीतही धरतो.

आत्याच्या भिंतीला आम्ही घाई केली नाही. पट्टा हाताने, छिन्नीने काढला. ग्राइंडर विटेची कड खातो, तो लावू दिला नाही. लोणा कोरड्या ब्रशने झाडून पूड घराबाहेर टाकली. पाण्याने धुतलं तर क्षार परत आत जातात. भिंत अख्खा उन्हाळा उघडी ठेवली. शेजारच्या मोरीचा पाइप गळत होता तो बदलला, कारण गळका पाइप चुन्याने बरा होत नाही. पावसाळा गेल्यावर एक भाग विरवून मुरवलेला चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू असा माल केला. दर्जा सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल कोरल्या, पाणी शिंपडून भरल्या, वर बोटाहून पातळ थरांत गिलावा केला आणि पंधरा दिवस ओलं गोणपाट टांगलं. पहिले दोन दिवस गवंडी कुरकुरला. "साहेब, थोडं सिमेंट टाकलं तर उद्या हात लावता येईल."

चुना खरंच सावकाश घट्ट होतो. सहा आठवड्यांनी एका कोपऱ्यातला तुकडा तोडून त्याच्या ताज्या कडेवर, कच्च्या चुन्यावर गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकला. बाहेरची रेघ तशीच पांढरी राहिली, म्हणजे तिथला चुना दगड झाला होता. आतला भाग मात्र गुलाबी झाला. तिथे हवा अजून पोचायची होती. नेमकं त्या वेळी बादलीतला उरलेला माल गवंड्याने ओतून दिला होता, म्हणून तो कोपरा भरायला आठवडा गेला.

यंदा दिवाळीनंतर नव्या गिलाव्यावर पांढरी साय आली. आत्या घाबरली. साय ब्रशने झाडली, तिच्यासोबत चुन्याची थोडी कणी पडली. खाली तांबडं काहीच नव्हतं.