सरासरीच्या वर, तरी पर्सेंटाइल 39?

नौपाड्यात राहणारी माझी भाची बारावीला आहे. क्लासच्या सराव परीक्षेत तिला 100 पैकी 73 गुण मिळाले. सगळ्या मुलांची सरासरी 58 आणि प्रमाण विचलन 12 असं फलकावर लावलं होतं. जुन्या पुस्तकातला झेड तक्ता बघून तिने आपलं पर्सेंटाइल काढलं, ते आलं 39. "मामा, माझ्या मागे फक्त 39 टक्के मुलं?" तिचा चेहरा पडला होता.

आकडेमोड तिने बरोबर केली होती. आपले गुण सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहेत, हे झेड स्कोअर सांगतो:

z = (73 − 58) ÷ 12 = 1.25

मग तक्त्यात डावीकडची 1.2 ची ओळ धरायची, वरचा 0.05 चा रकाना धरायचा आणि दोन्ही मिळतात तिथला आकडा वाचायचा. तिला 0.3944 मिळाला. तोही चुकीचा नव्हता, फक्त तो अर्ध्याच वाटेचा होता. झेड तक्ते दोन तऱ्हेचे असतात. काहींमध्ये घंटेच्या आकाराच्या आलेखाखालचं अगदी डाव्या टोकापासूनचं क्षेत्रफळ दिलेलं असतं, काहींमध्ये मधल्या रेषेपासूनचं. तिचा तक्ता दुसऱ्या जातीचा होता. मधल्या रेषेच्या डावीकडे निम्मी मुलं असतात, ती मिळवायची राहिली होती. 0.5 + 0.3944 = 0.8944, म्हणजे पर्सेंटाइल 89.44.

तक्ता कुठला आहे हे ओळखायला झेड 0 समोर बघावं. तिथे 0.5000 असेल तर मिळणारा आकडा थेट वापरायचा. 0.0000 असेल तर वरच्या गुणांसाठी 0.5 मिळवायचे आणि झेड उणे असेल तर 0.5 मधून वजा करायचे. तिच्या मैत्रिणीला 49 गुण होते. तिचा झेड −0.75, तक्त्यात 0.2734, म्हणून पर्सेंटाइल 22.66. तक्ता हाताशी नसेल तर स्प्रेडशीटमध्ये हे टाकावं:

```
=NORM.S.DIST(1.25, TRUE)
```

उत्तर कसंही काढा, एक गोष्ट मात्र आधी तपासा. सरासरीच्या वर गुण असतील तर या पद्धतीत पर्सेंटाइल 50 च्या खाली येऊच शकत नाही. भाचीचे 39 तिथेच खटकायला हवे होते.

मी तिला आणखी एक सांगितलं, कारण तिची पुढची चाचणी फार सोपी गेली होती. त्यात सरासरी 82 आणि प्रमाण विचलन 14 होतं. हे गुण नॉर्मल वितरणाने पसरले आहेत असं धरलं, तर 100 गुणांचा झेड सुमारे 1.29 येतो. म्हणजे दर 100 मुलांमागे जवळजवळ 10 जणांना शंभरापेक्षा जास्त गुण मिळायला हवेत! तसं होणं शक्य नाही. मुलं वरच्या टोकाला दाटली आहेत, आलेख एका बाजूला कलला आहे आणि अशा गुणांवर झेड तक्ता चालवला तर पर्सेंटाइल चुकतं. तिथे सरळ मोजणी करावी: आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण असलेली मुलं किती, भागिले एकूण मुलं, गुणिले 100. जेईई मेनचं पर्सेंटाइलही असंच, त्या त्या सत्रातली मुलं मोजून काढतात. तिथे झेड लागत नाही.