सर्वनाम गाळलं तरी कर्ता कळतो

कोरियन मालिकांच्या नादानं भाषा शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक तक्ता मिळतो: मी म्हणजे ना, तू म्हणजे नो, तुम्ही म्हणजे दांगशिन, तो म्हणजे गू, ती म्हणजे गुन्यो. तक्ता चुकीचा नाही, पण तो घेऊन कुणी सोलच्या ऑफिसात गेला तर दुपारपर्यंत भांडण होईल. दांगशिन नवरा-बायको एकमेकांना म्हणतात, जाहिरात वाचकाला म्हणते आणि रस्त्यात गाडीला गाडी घासली की दोन ड्रायव्हर एकमेकांना म्हणतात. साहेबाला कुणी म्हणत नाही. गुन्यो हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लेखकांनी परभाषेतल्या 'ती'साठी रुळवलेला शब्द आहे. तो छापात दिसतो, बोलण्यात जवळपास नाहीच.

मग संवादांनी भरलेली एखादी इंग्रजी मॅनेजमेंट केस स्टडी कोरियनमध्ये कशी न्यायची? तिथे तर ओळीओळीला 'यू', 'ही', 'शी' असतात.

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. अमेरिकेतला एक कारखाना. टॉम, वय 56, प्लांट मॅनेजर. कॅरन, वय 38, मुख्यालयातून आलेली संचालक, म्हणजे पदानं टॉमच्या वर आणि वयानं खूप खाली. वर म्हातारे संस्थापक. पुरवठादार कंपनीत लिसा. पुरवठादाराकडून माल उशिरा आला आहे आणि कॅरन म्हणते, "माल उशिरा येणार हे तुम्हाला माहीत होतं. तिनं मार्चमध्येच सांगितलं होतं." टॉम म्हणतो, "मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही." मराठीत आणताना मी इथेच काही गोष्टी गुपचूप ठरवून टाकल्या. मूळ 'यू'चं 'तुम्ही' केलं आणि 'हिम'चं आदरार्थी 'त्यांना'. कोरियन अनुवादकाला याहून बरंच जास्त ठरवावं लागतं.

'तुम्ही'च्या जागी तो हुद्दा घालतो: गोंगजांगजांगनिम, म्हणजे 'प्लांट मॅनेजरसाहेब'. शेवटचा निम हा आदराचा प्रत्यय. पुरवठादाराकडची 'ती' असते लिसा ग्वाजांग, नाव आणि हुद्दा. संस्थापक होतात ह्वेजांगनिम, आणि त्यांचा उल्लेख एकदा झाला की पुढे तोही गळतो. एका उत्तरात तीन-तीन सर्वनामं होती, त्यातलं एकही उरत नाही. तरी कोरियन वाचक गोंधळत नाही, कारण सर्वनामाचं काम क्रियापदानं उचललेलं असतं.

माझ्या मते या भाषेतलं सगळ्यात सुंदर यंत्र हेच. 'ऐकलं नाही' याचं साधं रूप आन दुरोस्सोयो. त्यात शी हा आदराचा प्रत्यय घातला की भूतकाळाशी संधी होऊन आन दुरुश्योस्सोयो होतं. फरक एका अक्षराचा. पण शी कर्त्याला मान देतो, आणि कोरियन माणूस स्वतःला शी कधीच लावत नाही. म्हणजे दुसरं रूप ऐकताच कर्त्यांच्या यादीतून 'मी' बाद. हाताखालचा कामगारही बाद, कारण त्याच्याबद्दल बोलताना टॉम शी लावणार नाही. समोर बसलेल्या कॅरनला शी लागू पडला असता, पण ती तर ऐकवते आहे. उरले संस्थापक. 'सांगितलं'च्या जागी टॉम वापरतो तो शब्द माल्सुम-दुर्योस्सुम्निदा. यातलं दुरिदा हे क्रियापद 'नम्रपणे वर देणं' अशा अर्थाचं आहे. म्हणजे बोलणं खालून वर गेलं. एक क्रियापद ऐकणाऱ्याला मान देतं, दुसरं कर्त्याला, आणि दोन्ही मिळून 'कुणी कुणाला' हे नाव न घेता सांगतात. आपण 'साहेब आले' आणि 'शिपाई आला' म्हणतो तेव्हा आपल्याकडेही क्रियापद मान दाखवतं, पण आपलं क्रियापद त्याच दमात लिंगही सांगतं. कोरियन क्रियापद लिंगाबद्दल अवाक्षर काढत नाही.

या यंत्राला मर्यादा आहेत. एकाच वाक्यात दोन मानकरी आले, समजा संस्थापक आणि बँकेचे अध्यक्ष, तर शी दोघांनाही लागतो आणि वेगळं कुणालाच करत नाही. तिथे हुद्दा पुन्हा लिहावाच लागतो. दुसरी अडचण काळाची. वरिष्ठापुढे मधल्या अधिकाऱ्याचा उल्लेख करताना त्याचा शी काढून टाकायचा, अशी जुनी रीत आहे, तिला आपजोनबोप म्हणतात. कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेनं 2011च्या भाषाशिष्टाचारात ऑफिसात याची गरज नाही असं सांगितलं. म्हणून 1985 सालच्या पोलाद कारखान्याची केस आणि आजच्या कंपनीची केस यांत क्रियापदं वेगळी पडतात.

खरा धोका पुढे आहे. टॉमनं उशिराची बातमी वेळेवर वर का पोचवली नाही, हाच केसचा चर्चेचा प्रश्न आहे असं धरा. अनुवादकानं कॅरनच्या तोंडी हुद्द्याऐवजी 'टॉम श्शी' घातलं, जे बरोबरीच्या किंवा खालच्या माणसाला चालतं, की कोरियन विद्यार्थी पहिल्याच ओळीत निकाल देईल: अठरा वर्षांनी लहान बाई असं बोलते, कोण कशाला तिला काही सांगेल? लेखकानं उघडा ठेवलेला प्रश्न एका प्रत्ययानं मिटला. हुद्द्यांतही असाच सापळा आहे. अमेरिकन बँकेतला व्हाइस प्रेसिडेंट हा बहुधा मधल्या फळीतला अधिकारी असतो. त्याचा शब्दशः बुसाजांग केला की तो कंपनीतला दुसऱ्या नंबरचा माणूस होतो आणि भोवतालचे सगळे संवाद वाकून उभे राहतात.

म्हणून अनुभवी माणूस अनुवादाआधी एक चौकट भरतो: उभ्या बाजूला बोलणारे, आडव्या बाजूला ऐकणारे, प्रत्येक घरात हाक आणि ऐकणाऱ्याशी किती शिष्टतेनं बोलतो ते दाखवणारा क्रियापदाचा शेवट. त्यासाठी वय, पद, ओळख किती जुनी, बोलणं चारचौघांत की बंद दाराआड, हे लागतं. मजकुरात नसेल तर लेखकाला विचारायचं. टॉम चौथ्या पानावर चिडून शिष्ट शेवट सोडतो की नाही, हेही आधी ठरवायचं, कारण कोरियनमध्ये ती घटना आहे. तपासणी सोपी असते. संवादांत दांगशिन आणि गुन्यो शोधायचे. भांडणाबाहेर सापडले तर बहुतेक वेळा तिथे इंग्रजी शिल्लक राहिलेलं असतं.

सगळेच समान, हुद्दे नाहीत, अशी केस असेल तर दोन्ही बाजूंना नाव अधिक निम आणि मध्यम शिष्टतेचा हेयो शेवट वापरतात. सीजे कंपनीनं 2000 साली ऑफिसात नावापुढे निमची पद्धत आणली, त्यामुळे वाचकाला ती परकी वाटत नाही. मात्र कारखान्याचा फोरमन असं बोलू लागला की तो स्टार्टअपमधला वाटतो.

जाता जाता एक लोकप्रिय भाकडकथा. 1997 साली ग्वाम या अमेरिकी बेटावर कोरियन एअरचं विमान डोंगरावर आदळून 228 माणसं गेली, ती आदरार्थी प्रत्ययांमुळे, असं भाषणांतून ठोकून सांगितलं जातं. अमेरिकी तपासयंत्रणेच्या अहवालात कॅप्टननं उतरण्याची पद्धत नीट समजावलीही नाही आणि पाळलीही नाही, सहकाऱ्यांनी त्याची तपासणी केली नाही, कॅप्टनचा थकवा, अपुरं प्रशिक्षण आणि ग्वामची कमी उंचीचा इशारा देणारी यंत्रणा मुद्दाम दाबून ठेवलेली, अशी कारणं आहेत. सहवैमानिक गप्प का राहिला याची चर्चा जरूर व्हावी, पण व्याकरणावर खापर फोडून नव्हे.

राहिलं लिंग. लिसाचं बाईपण अनुवादात आपोआप गळतं, आणि माल उशिरा येण्याच्या केसमध्ये बिघडत काही नाही. पण तीन बायकांनी इशारा दिला आणि तिन्ही वेळा दुर्लक्ष झालं, हा केसचा मुद्दा असेल, तर इंग्रजीतली ती सगळी 'शी' अनुवादात कुठेतरी यावीच लागतात. पूर्वी हुद्द्याआधी यो, म्हणजे 'स्त्री', जोडत. हल्ली ते भेदभावाचं मानतात. 2018 साली सोलमधल्या महिला-कुटुंब प्रतिष्ठाननं असे यो काढून टाका आणि गुन्योऐवजीही गूच लिहा असं सुचवलं. तेव्हा निवेदनात, पात्र पहिल्यांदा येतं तिथे, ती स्त्री आहे हे एका वाक्यात सांगायचं आणि संवादांना हात लावायचा नाही. उलट, पात्राचं लिंग शेवटपर्यंत लपवून वाचकाचे ग्रह उघडे पाडणारी केस इंग्रजीत 'ही' आणि 'शी' चुकवत कसरत करून लिहावी लागते. कोरियन अनुवादकाला त्यासाठी काहीच करावं लागत नाही.