चंद्रकला : दिवा-चेंडूचा प्रयोग आणि महिन्याची नोंदवही

चंद्राचा अर्धा भाग सूर्यप्रकाशात नेहमीच उजळलेला असतो (ग्रहणाची वेळ सोडून). त्या उजळ अर्ध्यातला किती भाग पृथ्वीवरून दिसतो, ते रोज बदलते. या बदलत्या आकारांना चंद्रकला म्हणतात. अमावस्येपासून अमावस्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत महिना अमावस्येलाच संपतो, त्यामुळे पौर्णिमा म्हणा की हुण्णिमे, नोंदवहीची तारीख एकच येते. ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी दिसतो’ हा समज मात्र दोन्ही भाषांत तितकाच घट्ट आहे. तो घालवायला वर्गात दिवा-चेंडूचा प्रयोग करतात.

साहित्य थोडके लागते. झाकण नसलेला नऊ वॅटचा एलईडी बल्ब डोक्याच्या उंचीवर लावावा आणि चार सेंटिमीटरचा थर्मोकोलचा गोळा पेन्सिलीवर खोचावा. गुळगुळीत प्लॅस्टिकचा चेंडू घेतला तर त्यावर बल्बचा एक चमकता ठिपकाच डोळ्यांत भरतो आणि उजेड-अंधाराची कड हरवते. असा चेंडू असेल तर त्याला चुना फासून वाळवावा. भिंती पांढऱ्या असतील तर चेंडूची काळी बाजूही उजळते, म्हणून चेंडूमागे काळे कापड धरावे.

मुलाने बल्बकडे तोंड करून चेंडू हात लांब करून धरायचा. ही अमावस्या. मग चेंडू नजरेसमोर ठेवत स्वतःभोवती डावीकडे वळायचे. वळताना मुलाचे डोके ही पृथ्वी असते. जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्याचे तीस भाग केले, तर एक भाग बारा अंशांचा होतो. घड्याळाच्या तबकडीवर तो दोन मिनिटांएवढा भरतो, आणि पंचांगातली तिथी म्हणजे हीच बारा अंशांची चाल. अमावस्येनंतर चेंडूच्या उजव्या कडेला कोर उगवते. पाव फेरी झाली की उजवा अर्धा उजळतो, आणि पाठ बल्बकडे झाली की पूर्ण गोल.

पण पाव फेरीशी प्रयोग थोडा खोटे बोलतो. चेंडू डोळ्यांपासून साठ सेंटिमीटरवर आणि बल्ब दोन मीटरवर असेल, तर अर्धा चेंडू नव्वद अंशांवर नव्हे, बहात्तर अंशांच्या आसपासच दिसतो, म्हणजे सात-साडेसात तिथींऐवजी सहाव्या खुणेवर. बल्ब चार मीटरवर नेला की हाच कोन एक्याऐंशीवर येतो. खरा सूर्य चंद्राच्या जवळजवळ चारशेपट लांब असल्याने आकाशात हा कोन नव्वदाला जेमतेम कमी भरतो. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात ग्रीक ज्योतिर्विद ॲरिस्टार्कस याने याच कोनावरून सूर्य किती दूर आहे ते काढायचा यत्न केला होता. त्याने ८७ अंश धरले, प्रत्यक्षात ते ८९.८५ आहेत. एवढ्याशा फरकाने त्याचा सूर्य वीसेकपट जवळ आला. वर्गात बल्ब शक्य तितका लांब ठेवणे हाच उपाय, आणि खोली लहान असेल तर हा दोष मुलांना आधीच सांगून टाकावा.

दुसरी अडचण पौर्णिमेची. पाठ बल्बकडे झाली की डोक्याची सावली चेंडूवर पडते आणि मुले म्हणतात, “बघा सर, सावलीच आहे की!” खरे तर हे चंद्रग्रहण असते, आणि ते दर पौर्णिमेला होत नाही. चंद्राची कक्षा सूर्यमार्गाशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून जातो. हाताच्या अंतरावर पाच अंश म्हणजे जेमतेम पाच सेंटिमीटर. तेवढ्याने चेंडू सावलीतून सुटत नाही. तो डोक्याच्या वर उचलावाच लागतो, आणि ही तडजोड उघड सांगावी. प्रमाणात पाहिले तर चार सेंटिमीटरचा चंद्र सुमारे साडेचार मीटरवर हवा. तिथे पाच अंश चाळीसेक सेंटिमीटर होतात आणि चेंडू सावलीबाहेर सहज राहतो.

नोंदवहीत आकार काढून घेणे सोपे, पण तेवढ्यावर थांबले तर प्रयोग आणि आकाश जुळत नाहीत. तारीख, तिथी, घड्याळाची वेळ, दिशा, उंची आणि उजळ बाजू कोणत्या दिशेला, एवढे रकाने हवेत. उंची मुठीने मोजावी: हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची. ‘उजवी’, ‘डावी’ हे शब्द मात्र वहीत नकोत. बेळगाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने चंद्र कित्येकदा डोक्यावरून जातो. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या मुलाला उजळ बाजू उजवीकडे दिसते, उत्तरेकडे तोंड केलेल्याला डावीकडे. दोघांच्या वह्या पुढे भांडतात. ‘उजळ बाजू पश्चिमेला’ असे लिहिले की भांडण मिटते. पुस्तकातली उभी कोर पाहून आलेली मुले बीजेच्या संध्याकाळी होडीसारखी आडवी कोर पाहून बावरतात, तेही याच अक्षांशामुळे.

महिना निवडताना पावसाळा टाळावा. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर वही कोरीच राहते. २०२६ चा माघ उदाहरणाला चांगला आहे. अमावस्या १९ जानेवारीला पहाटे १ वाजून २२ मिनिटांनी संपली. त्या संध्याकाळी चंद्र जेमतेम सतरा तासांचा, म्हणून ‘दिसला नाही’ अशीच नोंद अपेक्षित आहे, आणि ती चूक नव्हे. २० तारखेला पावणेसातला पश्चिमेकडे मूठ-दीड मूठ उंचीवर कोर, उजळ बाजू खाली. २६ जानेवारीला, सकाळी झेंडावंदन झालेल्या दिवशी, संध्याकाळी सातला अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर. प्रयोगात हे असे जुळते: चेंडू समोर, बल्ब उजव्या खांद्याशी. बल्ब मावळतीला आहे आणि चंद्र मध्यावर. १ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा, म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माची भरत हुण्णिमे. सूर्य मावळायच्या थोडे आधीच चंद्र पूर्वेला वर येतो.

यानंतर निम्म्या वह्या थांबतात, कारण संध्याकाळी सातला चंद्र असतच नाही. तो रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. ५ फेब्रुवारीची संकष्टी इथे कामी येते. घरात उपास सोडायला कुणीतरी अंगणात उभे असतेच. साडेनऊ ते दहाच्या दरम्यान चंद्रोदय, ती वेळ लिहून घ्यावी. पुढे वेळ बदलून पहाटेची करावी. १० तारखेला सकाळी साडेसहाला अर्धा चंद्र दक्षिणेला सुमारे पाच मुठींवर, उजळ बाजू आता पूर्वेला. शाळेला निघताना तोच चंद्र दिवसाउजेडी दिसतो, आणि ही नोंद बहुतेक मुलांना पहिल्यांदाच करावी लागते.

वहीतला दिवस आणि तिथी महिनाभर एकमेकींशी जुळत नाहीत. तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची असते, शिवाय चंद्राचा वेग कमी-जास्त होतो. म्हणून कधी एखादी तिथी क्षय पावते, कधी एकच तिथी दोन सूर्योदयांना सापडते. वहीत दिवस मोजून तिथी टाकू नये, पंचांगातून घ्यावी. भाद्रपदात नोंदवही ठेवली तर आणखी एक रिकामी जागा ठरलेली: गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी चंद्र पाहू नये म्हणून काही घरांत मुलांना बाहेरच सोडत नाहीत. त्या दिवसासमोर ‘ढग’ लिहिण्याऐवजी ‘पाहिला नाही’ असे लिहायला सांगावे.