पेज ऑफ कप्स आला: कोणी आवडून घेतंय, की नुसता निरोप आहे?

आमच्याकडे टॅरोच्या लव्ह रीडिंगला येणाऱ्यांना हे कार्ड दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हा पोट्टा कोण हाय?" चित्रच तसं आहे. समुद्राकाठी फुलाफुलांचा अंगरखा घातलेला एक तरुण उभा आहे, त्याच्या हातात पेला आहे आणि पेल्यातून एक मासा डोकं वर काढून त्याच्याकडे बघतोय. आम्ही वापरतो त्या रायडर-वेट डेकमध्ये (1909) पामेला कोलमन स्मिथ यांनी ते असं काढलंय. माणूस दिसतो म्हणून माणूसच येणार, असं मात्र नाही. पेज म्हणजे जुन्या युरोपातल्या सरदारांकडे चाकरीला असलेला पोरगा. निरोप पोचवणं हे त्याच्या कामांपैकी एक. म्हणून या कार्डाचे दोन्ही अर्थ पूर्वीपासून चालत आलेत: कोवळ्या मनाचा तरुण माणूस, किंवा मनातली गोष्ट सांगणारा निरोप.

कोणता घ्यायचा, हे आम्ही आधी जागेवरून बघतो. आमच्या पाच कार्डांच्या मांडणीत पहिली जागा तुमची, दुसरी समोरच्याची, तिसरी मधल्या अडचणीची, चौथी येणाऱ्या गोष्टीची आणि पाचवी पुढच्या दिशेची. दुसऱ्या जागेवर पेज पडला तर तो माणूस धरायचा, कारण ती जागाच माणसाची आहे. चौथ्या जागेवर पडला तर आधी निरोप धरायचा आणि शेजारची कार्डं काय म्हणतात ते बघायचं. एट ऑफ वॉण्ड्स जवळ असेल तर निरोपाचं पारडं जड होतं, कारण ते कार्ड वेगाने येणाऱ्या बातमीचं आहे. टू ऑफ कप्स किंवा नाईट ऑफ कप्स असेल तर माणसाचं.

एक मांडणी बघा. यवतमाळकडच्या एका गावातली मुलगी आली होती. एका ओळखीच्या मुलाशी बोलणं तुटलं होतं, घरात स्थळं बघणं चालू होतं. तिचा प्रश्न होता, "माझ्या आयुष्यात आता कोण येणार?" कार्डं अशी पडली: पहिल्या जागी फोर ऑफ कप्स, दुसऱ्या जागी सिक्स ऑफ कप्स, तिसऱ्या जागी एट ऑफ स्वोर्ड्स, चौथ्या जागी पेज ऑफ कप्स, पाचव्या जागी एट ऑफ वॉण्ड्स. तिला वाटलं, नवीन मुलगा. आम्ही निरोप म्हणालो. समोरच्याच्या जागी सिक्स ऑफ कप्स, म्हणजे जुनी ओळख. तिथे नवा माणूस बसत नाही. एट ऑफ स्वोर्ड्समधल्या बाईचे डोळे बांधलेले आहेत, म्हणजे बोलायचं असून बोलता न येणं. त्यानंतर पेज आणि लगेच वेगाची बातमी. फोर ऑफ कप्समधला माणूस तर पुढ्यात आलेल्या पेल्याकडे बघतही नाही, म्हणून निरोप आला तरी ती तो उघडेल का, हा प्रश्न आम्ही तिच्यापुढे ठेवला.

हाच पेज दुसऱ्या जागी आणि नाईट ऑफ कप्स चौथ्या जागी असता, तर आम्ही उलट सांगितलं असतं: कोणीतरी तुला आवडून घेतंय आणि पुढे विचारायलाही येईल. नाईट घोड्यावर बसून पेला घेऊन येतो, पेज जागेवरच उभा असतो. त्यामुळे नुसत्या पेजवरून आम्ही स्थळ येईल असं सांगत नाही. बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅपवर येणं, मामाच्या गावाहून विचारपूस होणं, एवढ्यावर त्याची धाव. साक्षगंध फार लांबची गोष्ट.

पेज उलटा पडला तर निरोप अडकलेला असतो, किंवा लिहून पाठवलेलाच नसतो. माणूस धरला तर तो मनातल्या मनात झुरणारा, जबाबदारी घ्यायच्या वेळी दिसत नाही असा.

तरीही दोन्ही अर्थ सारखेच बसत असतील तर आम्ही एकच जादा कार्ड काढतो. कप्सचं कोर्ट कार्ड, म्हणजे नाईट, क्वीन किंवा किंग निघालं तर माणूस, वॉण्ड्स किंवा स्वोर्ड्सचा आकड्याचा पत्ता निघाला तर निरोप; बाकी काही निघालं तर "ठरत नाही" असंच सांगतो. दुसरं काढा, तिसरं काढा असा आग्रह होतो, पण मनासारखं येईपर्यंत कार्डं ओढली तर ते रीडिंग राहत नाही.

कार्डातून नाव, गाव, जात किंवा तारीख आम्ही सांगत नाही. पेज आला म्हणून ठरलेली बैठक मोडू नका, आलेल्या मेसेजला होकारही देऊ नका. येताना प्रश्न मात्र नीट ठरवून या. "कोण येणार?" असं विचारलं की कार्डात माणूसच दिसायला लागतो, "याच्याशी माझं पुढे काय?" असं विचारलं तर पेजचं वाचन कितीतरी सोपं जातं.